खिडकीजवळचा वाचनकोपरा: खुर्ची आणि बाजूचं टेबल घेताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात घरांच्या आतल्या सजावटीची कामं घेते. धुळे, भुसावळ, अमळनेर, कधी नंदुरबारपर्यंत जाणं होतं. 'खिडकीपाशी एक छानशी खुर्ची आणि छोटं टेबल टाकायचंय' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. त्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ॲक्सेंट चेअर म्हणजे नक्की काय? सोफासेटमधली एकेरी खुर्ची चालणार नाही का?

सोफासेटच्या रंगाशी, घाटाशी न जुळणारी, मुद्दाम वेगळी उठून दिसणारी एकटी खुर्ची, एवढाच त्याचा अर्थ. सोफ्यातली एकेरी खुर्चीही चालते, पण ती बहुतेक वेळा गप्पा मारत, टीव्ही बघत मागे रेलून बसायला केलेली असते. वाचताना पुस्तक छातीसमोर धरायचं असतं आणि तासभर तसंच बसायचं असतं. त्यामुळे पाठ थोडीशीच मागे झुकलेली हवी. बैठक आणि पाठ यांच्यातला कोन १०० ते १०५ अंश असला की पुरे. याहून जास्त कललेल्या खुर्चीत डोक्याला टेकू नसेल, तर वाचणारा मान पुढे काढून बसतो आणि अर्ध्या तासात मान दुखायला लागते.

दुकानात जाण्याआधी काय काय मोजून न्यायचं?

दोनच मापं, आणि तीही वाचणाऱ्याची. घरातल्या साध्या लाकडी खुर्चीत अनवाणी, ताठ बसा. गुडघ्याच्या मागची घडी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. मग पाठीमागून त्याच घडीपर्यंत आडवं अंतर मोजा. पहिल्या मापावरून बैठकीची उंची ठरते, दुसऱ्यावरून तिची खोली.

अनवाणी का, तर आपण घरात चप्पल घालत नाही. परदेशी डिझाइनवरून केलेल्या खुर्च्यांत बुटाच्या टाचेचा इंचभर आधीच धरलेला असतो आणि तो आपल्याला नको असतो.

माझ्या आत्याचं उदाहरण सांगते. ती अमळनेरला राहते, उंची पाच फूट. निवृत्तीनंतर तिने फोटो बघून एक मोहरी रंगाची खुर्ची मागवली. दिसायला सुरेख. बैठकीची उंची १८ इंच, खोली २२ इंच. आत्याची मापं मी नंतर घेतली: घडीची उंची १५ इंच, खोली साडेसतरा. गादी दबून इंचभर खाली गेली तरी बैठक १७ राहते, म्हणजे पाय दोन इंच अधांतरी. मांडीच्या खालच्या बाजूवर कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. ती पायाखाली पाटी पालथी घालून बसायची, त्यावर मी हसले होते. पण खरा त्रास खोलीचा होता. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा मोकळी राहायला हवी, म्हणजे तिला साडेपंधरा-सोळा इंचांची बैठक हवी. २२ इंचांच्या बैठकीत ती पाठ टेकायला मागे गेली की पाय सरळ पुढे, लहान मुलासारखे. पाय खाली सोडले की पाठीमागे सहा इंचांची पोकळी.

अशी खुर्ची घेऊन झालीच असेल तर?

उंची कमी करता येते. पाय स्क्रूने बसवलेले असतील तर तेवढे काढून आखूड पाय लावून घ्या. लाकडाचे सरळ पाय असतील तर सुतार दीड इंच कापून देतो. मागचे दोन पाय अर्धा इंच जास्त कापले, तर १८ इंचांच्या बैठकीला साधारण दीड अंशाचा कल येतो, फारसा जाणवत नाही पण माणूस पुढे घसरत नाही.

खोली मात्र कमी होत नाही. पाठीमागे दोन इंचांची उशी ठेवून थोडा फरक भरून काढता येतो. सहा इंचांची उशी ठेवली की माणूस इतका पुढे येतो की हात खुर्चीच्या दोन बाजूंच्या हाताळ्यांच्या पुढच्या टोकावर येतात आणि कोपराला आधारच उरत नाही. आत्याची खुर्ची म्हणूनच आम्ही परत पाठवली. दुकानात बसून बघताना किंमत, रंग, लाकूड नंतर बघा. आधी पूर्ण मागे सरकून बसा आणि गुडघ्यामागे बोटं घालून बघा.

मला मांडी घालून वाचायची सवय आहे. हाताळ्यांची खुर्ची घ्यावी का?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि दुकानदार तो कधी विचारत नाही. आपल्याकडची निम्मी माणसं दहा मिनिटांनी एक पाय वर घेतात. दोन हाताळ्यांमधली मोकळी जागा २० इंच असेल तर गुडघे हाताळ्यांवर आपटतात. २५-२६ इंच असेल तर एक पाय आरामात मुडपून बसता येतं. पूर्ण मांडीसाठी त्याहूनही जास्त रुंदी लागते, नाहीतर हाताळ्यांशिवायची खुर्चीच बरी.

मात्र हाताळ्या काढल्या की जाड पुस्तकाचं वजन खांद्यांवर येतं. मग मांडीवर उशी घेऊन त्यावर पुस्तक ठेवावं लागतं. हाताळ्या घ्यायच्या असतील तर त्या दबलेल्या बैठकीपासून सात ते नऊ इंच उंच असाव्यात. खांदे उचलले गेले तर उंच झाल्या, कोपर पोहोचलंच नाही तर बुटक्या झाल्या.

आमची खिडकी पश्चिमेला आहे. तिथे खुर्ची टाकायची की नाही?

टाका, पण जागा समजून टाका. खान्देशात खुर्चीच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पश्चिमेच्या खिडकीला वरचा छज्जा उपयोगी पडत नाही. मेच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. पावणेपाचला तो क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. खिडकीचा वरचा काठ सात फुटांवर असेल, तर ऊन त्या वेळी खोलीत बारा फूट आत येतं आणि पुढे समोरच्या भिंतीवर चढतं. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना त्या पट्ट्यात बसून कोण वाचणार?

आता दुसरी गोष्ट बघा. उन्हाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला नाही, थोडा वायव्येकडे सरकून मावळतो. म्हणून ऊन खिडकीतून आत येताना तिरकं दक्षिणेकडे जातं. खुर्ची खिडकीच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून ठेवली, म्हणजे खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला, तर ऊन तिच्यापासून दूर पळतं आणि उजेड तेवढा मिळतो. डाव्या हाताला ठेवली तर ऊन तिच्या अंगावर येतं. हिवाळ्यात उलटं होतं, सूर्य नैर्ऋत्येला मावळतो आणि उजवीकडच्या खुर्चीत संध्याकाळचं कोवळं ऊन येतं, जे डिसेंबरात हवंच असतं.

अमळनेरला आत्याच्या खोलीत आम्ही नंतर करून घेतलेली नवी खुर्ची अशीच उजवीकडे हलवली आणि बाहेरून बांबूची चिक सोडली. चिक किंवा वाळ्याचा पडदा बाहेरून लावायचा. आतून लावलेला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो.

बाकीच्या दिशांचं काय?

उत्तरेची खिडकी वाचायला सगळ्यात सोयीची, उजेड दिवसभर सारखा राहतो. पूर्वेची हिवाळ्यात सुखाची, पण मेमध्ये आठ वाजताच खुर्ची सोडावी लागते.

दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच घाबरतात. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत येतच नाही. डिसेंबरात तोच दुपारी ४५ अंशांवर येतो. म्हणजे हिशेब सोपा: खिडकीचा वरचा काठ जितका उंच, तितकं ऊन आत, त्यातून छज्ज्याची लांबी वजा. काठ सात फूट आणि छज्जा दोन फूट असेल तर बाहेरच्या भिंतीपासून पाच फूट. भिंतीची जाडी सोडली तर ऊन खोलीत चार-सव्वाचार फूट येतं. थंडीत पाय उन्हात ठेवून वाचायला याहून चांगली जागा नाही.

खुर्चीचं तोंड खिडकीकडे असावं की पाठ?

दोन्ही नको. तोंड खिडकीकडे केलं की डोळे दिपतात आणि पान काळं दिसतं, पाठ केली की स्वतःचीच सावली पानावर पडते. खुर्ची खिडकीला तिरकी ठेवा, उजेड खांद्यावरून येऊ द्या. वहीत टिपणं काढायची सवय असेल आणि उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डाव्या खांद्यावरून यावा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते. पश्चिमेच्या खिडकीत हे आणि उन्हाचं गणित एकत्र जमलं नाही, तर उन्हाचं आधी बघा.

उन्हाळ्यात कूलर त्याच खिडकीत बसतो. मग कोपरा कसा ठेवायचा?

एप्रिल ते जून खिडकी कूलरची असते, हे गृहीत धरूनच कोपरा ठरवावा. मी खुर्चीला जड बूड देत नाही ते यासाठीच. दोन जणांनी उचलून सरकवता येईल अशी खुर्ची घ्या. त्या तीन महिन्यांत ती हवेच्या सरळ झोतातून बाजूला काढा, नाहीतर पानं उडतात आणि गुडघे आखडतात.

टेबलाचं मात्र खास लक्ष ठेवा. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळीचं टेबल कूलरशेजारी एक हंगाम टिकतं. तुषार उडतात, पाणी भरताना सांडतं, आणि बोर्डाची कड फुगून पट्टी सुटायला लागते. फुगलेला बोर्ड सुकला तरी पूर्वीसारखा बसत नाही. ओळखायचं कसं, तर खालच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं, खरखरीत लागलं की पाणी शिरलं आहे. आपल्याकडच्या जड पाण्यामुळे खुर्चीच्या पायांवरही पांढरे क्षार बसतात. ते ओल्या फडक्याने लगेच पुसले तर जातात, महिनाभर राहिले तर पॉलिशवर डाग राहतो.

कापड कोणतं घ्यावं? वेल्वेट आवडलं आहे.

वेल्वेट फोटोत आणि एसीच्या खोलीत छान. आपल्याकडे वैशाखात धूळ इतकी येते की सकाळी झटकलेलं वेल्वेट संध्याकाळी बोटाने रेघ ओढण्याजोगं होतं. रेक्झिन पुसायला सोपं, पण घामाने पाठीला चिकटतं, आणि स्वस्तातलं काही वर्षांत पापुद्रे सोडतं.

मी जाड सुती कॅनव्हास किंवा सुती-पॉलिस्टर मिसळीचं कापड सुचवते, त्यावर चेन लावलेलं काढता येणारं कव्हर. शिवायच्या आधी कापड एकदा पाण्यातून काढून सुकवा, नाहीतर पहिल्या धुण्यात कव्हर आटतं आणि गादीवर चढतच नाही.

रंग उडण्याबद्दल एक गैरसमज आहे. काच बंद ठेवली की कापड वाचतं असं लोकांना वाटतं. साधी काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, बराचसा आत सोडते, आणि साध्या उजेडानेही रंग उडतो. गडद निळा, मरून असे रंग उन्हात एका बाजूने फिके पडले की डोळ्यांत खुपतात. विटकरी, मातकट, खाकी यांवर तेवढं कळत नाही.

दुकानदार '४० डेन्सिटीचा फोम' म्हणतो. खरं आहे का, कसं कळणार?

वजन करा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, त्यात गूढ काही नाही. २० इंच लांब, २० इंच रुंद, ४ इंच जाड अशी गादी ४० डेन्सिटीची असेल तर साधारण १ किलो ५० ग्रॅम भरते. ३२ डेन्सिटीची ८४० ग्रॅम. ६०० ग्रॅमच्या आसपास भरली तर ती २३ डेन्सिटीची आहे आणि वर्षभरात मधोमध खड्डा पडेल. कव्हर काढून नुसता फोम किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तरी चालतं. एकदा एका कुशनवाल्याकडे मी गादी शेजारच्या दुकानात नेऊन मोजली. पुढच्या वेळी त्यानेच काटा आणून ठेवला.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हेही ध्यानात घ्या. डेन्सिटी टिकाऊपणा सांगते. मऊ की घट्ट हे बसूनच कळतं. वाचायला थोडी घट्ट बैठक बरी.

लाकूड कोणतं? आमच्या जुन्या खुर्चीचे पाय उन्हाळ्यात डुगडुगतात.

माझ्याकडे काम करणारे सुतार मामा म्हणतात, "उन्हायामा लाकूड सुकस, पावसायामा फुगस, ताई." खान्देशात हा फरक फार मोठा असतो, मेमधली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली दमट हवा यांत लाकूड दर वर्षी आटतं आणि फुगतं. सागवान त्यात कमी हलतं म्हणून पसंत करतात. शिसम जड आणि मजबूत. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण नीट वाळवलेलं आणि किडीवर प्रक्रिया केलेलं असेल तरच घ्या. खुर्चीखाली पिवळसर पिठासारखा भुगा पडायला लागला तर कीड आहे.

डुगडुगण्याचं कारण बहुतेकदा लाकूड नसून सांधा असतो. एका लाकडात भोक आणि दुसऱ्याला जीभ काढून गोंद लावून बसवलेला सांधा हे आटणं-फुगणं बराच काळ सोसतो. नुसत्या स्क्रूवर धरलेला सांधा दोन उन्हाळ्यांत सैल होतो. दुकानात खुर्चीच्या पाठीचा वरचा काठ दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळून बघा. आवाज आला किंवा सांध्यात केसभर फट उघडली तर सोडून द्या.

पाठीला वेताची विणकाम केलेली खुर्ची आपल्या हवेत खरंच सुखाची, पाठ घामेजत नाही. फक्त उन्हाळ्यात वेत कोरडा पडून तडकतो. महिन्यातून एकदा मागच्या बाजूने ओलं फडकं फिरवून सावलीत वाळू द्या.

बाजूचं टेबल किती उंच असावं?

हाताळीएवढं, किंवा तिच्याहून एक-दोन इंच खाली. नजर पुस्तकात असतानाच हात कपाकडे जातो. टेबल हाताळीच्या वर असेल तर हात कपावर आपटतो. फार खाली असेल तर दर वेळी वाकावं लागतं, आणि मग चहा गार होऊन जातो. दुकानातली बरीच टेबलं १८ इंचांची असतात, ती सोफ्यासमोर ठेवायला बरी.

आत्यासाठी शेवटी जी खुर्ची करून घेतली तिची बैठक १६ इंच उंच, दबून १५. खोली १६. हाताळ्यांमध्ये २५ इंच. हाताळी दबलेल्या बैठकीपासून ८ इंच, म्हणजे जमिनीपासून २३. म्हणून टेबल २२ इंचांचं केलं. ती चष्मा न शोधता हात लांबवून उचलते.

गोल की चौकोनी? तीन पायांचं चालेल का?

१६ इंच व्यासाचं गोल आणि १४ इंच बाजूचं चौकोनी यांत जागा जवळजवळ सारखीच मिळते. चहाचा कप, चष्मा, फोन आणि मिटलेलं पुस्तक त्यावर मावतं. जाण्यायेण्याची वाट अरुंद असेल तर गोल घ्या, कोपरा मांडीला लागत नाही.

तीन पायांचं टेबल खडबडीत फरशीवरही डुलत नाही हा त्याचा गुण. पण वयस्कर माणूस उठताना टेबलाच्या कडेवर हात टेकतो. १६ इंची गोल टेबलाचे पाय कडेला लावलेले असले, तर तीन पायांत दोन पायांच्या मधली कड आधाराच्या रेषेबाहेर ४ इंच येते. चार पायांत सव्वादोन-अडीच इंच. हात नेमका तिथे पडला की तीन पायांचं टेबल चहासकट उलटतं. घरात आजी-आजोबा असतील तर चार पायच.

चहाच्या कपाचे पांढरे गोल डाग पडतात. उपाय?

गरम कपाखालची वाफ पॉलिशमध्ये अडकून तो डाग पडतो. चपड्याच्या पॉलिशवर लवकर पडतो, पीयू पॉलिशवर उशिरा. वर सनमायका किंवा ग्रॅनाइटचा तुकडा बसवला तर प्रश्नच मिटतो. संगमरवर मात्र टाळा, उन्हाळ्यात लिंबाचं सरबत सांडलं की त्याची चमक जाते.

आमचं धाब्याचं घर आहे, भिंत दोन फूट जाड. तिथे हे सगळं बसेल का?

तुम्हाला टेबल लागणारच नाही कदाचित. एवढ्या जाड भिंतीत खिडकीचा आतला ओटा दीड फूट खोल मिळतो. तो जमिनीपासून २२ ते २४ इंचांवर असेल तर खुर्ची सरळ त्याला लावा, पुस्तकं आणि चहा तिथेच. अडीच-तीन फुटांवर असेल तर तो फक्त पुस्तकं ठेवायला वापरा, गरम कप डोक्याशेजारी नको.

जुन्या घरात मला काळजी असते ती दाराची. काही दारं सव्वादोन फुटांचीच असतात, आणि ॲक्सेंट चेअर सहज तीस इंच रुंद असते. खुर्ची आडवी करून, आधी पाठ आणि मग पाय असं वळवून आत नेता येते का, हे खुर्चीची रुंदी, खोली आणि उंची तिन्ही लिहून घेऊन दारात टेप धरून बघा. जिन्याला वळण असेल तर तिथेही. यावलला एक खुर्ची मी दोन तास दारात अडकलेली पाहिली आहे. शेवटी चौकट नाही, खुर्चीचे पाय काढले.